समीक्षालेखाची सटीप नोंद कशी लिहावी: अचेबे यांच्या एका निबंधाचं उदाहरण

इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमात संशोधननिबंध लिहायच्या आधी बऱ्याचदा 'अॅनोटेटेड बिब्लिओग्राफी' मागतात. आपण तिला सटीप संदर्भसूची म्हणू. तिच्यात प्रत्येक संदर्भाचे दोन भाग असतात. वर नोंद असते आणि खाली टिपण. हा मजकूर नेमका कुठे सापडेल, हे नोंद सांगते. त्यात काय म्हटलं आहे आणि तुमच्या निबंधाला त्याचं काय काम आहे, हे टिपण सांगतं.

संदर्भ जेव्हा समीक्षालेख असतो, तेव्हा या दोन्ही भागांत काही खास अडचणी येतात. एकच लेख चार ठिकाणी छापलेला असतो आणि चारही ठिकाणचा मजकूर सारखा नसतो. शिवाय लेख एका साहित्यकृतीबद्दल असल्यामुळे टिपण लिहिता लिहिता आपण नकळत त्या साहित्यकृतीचीच गोष्ट सांगायला लागतो. या दोन्ही अडचणी एका खऱ्या उदाहरणावरून पाहू.

उदाहरण नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे यांच्या निबंधाचं घेतो. जोसेफ कॉनरॅडच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस'मध्ये आफ्रिकी माणसाला माणूस म्हणून स्थानच नाही, असा आरोप त्यांनी त्यात केला आहे. या कादंबरीवर लिहिणाऱ्या जवळपास प्रत्येक विद्यार्थ्याच्या सूचीत हा निबंध येतो आणि त्याची नोंद चुकायला भरपूर वाव आहे. संदर्भ देण्याची शैली एमएलएची, म्हणजे मॉडर्न लँग्वेज असोसिएशन या संस्थेची, वापरतो, कारण साहित्याच्या विभागांत ती सर्वाधिक चालते. तिच्या हँडबुकची नववी आवृत्ती २०२१ची आहे. तुमच्या शिक्षकांनी एपीए किंवा शिकागो शैली सांगितली असेल, तर विरामचिन्हं, क्रम आणि समास बदलतील. टिपणात काय लिहायचं, ते मात्र फारसं बदलणार नाही.

आधी हातातली प्रत ओळखा

नोंद लिहायला बसण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं. मी नक्की कुठला मजकूर वाचला?

अचेबे यांनी हे विचार पहिल्यांदा मांडले ते १८ फेब्रुवारी १९७५ रोजी, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अॅम्हर्स्ट इथल्या एका व्याख्यानात. १९७७मध्ये ते 'द मॅसॅच्युसेट्स रिव्ह्यू' या नियतकालिकात छापून आले आणि शीर्षक होतं नुसतं 'अॅन इमेज ऑफ आफ्रिका'. पुढे त्यांनी मजकुरात बदल केले. बदललेला निबंध 'रेसिझम इन कॉनरॅड्स हार्ट ऑफ डार्कनेस' हे उपशीर्षक घेऊन १९८८च्या त्यांच्या निबंधसंग्रहात आला. नॉर्टन प्रकाशनाच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस'च्या अभ्यासआवृत्तीत, कादंबरीमागे जोडलेल्या समीक्षेच्या भागातही हा बदललेला निबंध आहे. बहुतेक विद्यार्थ्यांच्या हाती पडतो तो हाच.

बदल किरकोळ नाहीत. निबंधातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य कॉनरॅडला उद्देशून आहे. १९७७च्या मजकुरात अचेबे त्याला 'ब्लडी रेसिस्ट' म्हणतात. सुधारित मजकुरात त्या जागी 'थरोगोइंग रेसिस्ट' आहे. पहिल्यात संताप उघड आहे, दुसऱ्यात तोच आरोप शांतपणे आणि अधिक ठामपणे केलेला आहे. तुमच्या निबंधाचा विषय अचेबे यांचा सूर किंवा त्या सुरावर उठलेला वाद असेल, तर कुठली प्रत वाचली यावर तुमचं सगळं म्हणणं अवलंबून राहील.

याचा प्रत्यक्ष परिणाम पुढच्या संदर्भात दिसतो. सेड्रिक वॉट्स या समीक्षकाने १९८३मध्ये कॉनरॅडची बाजू मांडणारा लेख लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच 'अ ब्लडी रेसिस्ट' हे शब्द अवतरणात घातले. ज्याने फक्त नॉर्टनची प्रत वाचली आहे, त्याला हे शब्द अचेबे यांच्या निबंधात कुठेच सापडणार नाहीत. मग तो एक तर वॉट्सनी शब्द पदरचे घातले असं समजेल, नाहीतर न वाचलेलं वाक्य अचेबे यांच्या नावावर घालून नॉर्टनचं पान देईल. पहिल्यात वॉट्सवर अन्याय आहे आणि दुसऱ्यात संदर्भ खोटा ठरतो.

प्रत ओळखण्यासाठी फार शोधाशोध लागत नाही. लेखाच्या पहिल्या पानावरची तळटीप वाचा. पुनर्मुद्रण असेल तर मूळ प्रकाशनाचा उल्लेख आणि मजकूर सुधारित आहे का, याची माहिती बहुतेक वेळा तिथेच मिळते. तिथे नसेल तर पुस्तकाच्या सुरुवातीची परवानग्यांची यादी बघा. पुस्तकातून काढलेल्या सुट्या झेरॉक्स किंवा कुणीतरी पाठवलेली पीडीएफ असेल, तर शीर्षकपान आणि त्यामागचं पान मिळवल्याशिवाय नोंद लिहू नका. त्या दोन पानांवाचून आवृत्ती, संपादक आणि वर्ष अंदाजानेच भरावं लागतं.

नोंद: तुकडा तुकडा जोडत

समजा तुम्ही १९७७चा मजकूर जेस्टोर या संग्रहातून उतरवून घेतला आहे. त्याची नोंद अशी होईल:

```
Achebe, Chinua. "An Image of Africa." The Massachusetts
    Review, vol. 18, no. 4, winter 1977, pp. 782-94.
    JSTOR, www.jstor.org/stable/25088813.
```

इथे तिरपी अक्षरं दिसत नाहीत, म्हणून सांगतो. `The Massachusetts Review` आणि `JSTOR` ही दोन नावं तिरप्या अक्षरांत हवीत, बाकी सगळं सरळ.

एमएलएच्या नोंदीमागचा विचार सोपा आहे. आधी लेखक आणि त्याच्यामागे पूर्णविराम. मग लेखाचं शीर्षक अवतरणचिन्हांत आणि पूर्णविराम अवतरणाच्या आत. त्यानंतर तो लेख ज्याच्या पोटात आहे, त्या मोठ्या प्रकाशनाचं नाव. एमएलए याला कंटेनर म्हणते. कंटेनरची माहिती स्वल्पविरामांनी जोडत जायची: खंड, अंक, तारीख, पानं. ती संपली की पूर्णविराम. इथे नियतकालिक स्वतः जेस्टोरच्या पोटात आहे, म्हणून दुसरा कंटेनर येतो आणि त्याच्यामागे पत्ता. प्रत्येक कंटेनर पूर्णविरामाने संपतो, हे एकदा लक्षात आलं की विरामचिन्हं पाठ करावी लागत नाहीत.

काही बारकावे. ऋतूचं नाव, म्हणजे `winter`, नवव्या आवृत्तीत छोट्या अक्षराने लिहितात. पानांच्या दुसऱ्या आकड्यातले शेवटचे दोनच अंक पुरतात, म्हणून `782-94`. पत्त्याआधीचं `https://` गाळलं तरी चालतं. पान क्रमांक मात्र नियतकालिकाच्या छापील पानावरचा घ्यायचा, पीडीएफच्या खिडकीत दिसणारा नाही. जेस्टोरच्या पीडीएफला पुढे एक माहितीचं पान जोडलेलं असतं, त्यामुळे खिडकीतला आकडा काहीतरी भलताच असतो.

जेस्टोरवर संदर्भ तयार करून देणारं बटण आहे. ते वापरायला हरकत नाही, पण ते देतं तो कच्चा माल असतो. त्यात ऋतू गळून नुसतं वर्ष येऊ शकतं, पत्त्यापुढे `http://` लागलेलं असतं आणि शेवटी `Accessed` म्हणून पाहिल्याची तारीख येते. ही तारीख एमएलएत ऐच्छिक आहे. नियतकालिकातला जुना लेख बदलत नाही, म्हणून मी ती काढून टाकतो. सगळ्यात जास्त घोळ चिकटवताना होतो, कारण तिरपी अक्षरं सरळ होऊन जातात आणि ते पटकन लक्षात येत नाही. चिकटवल्यावर प्रत्येक कंटेनरचं नाव स्वतः निवडून तिरपं करा.

आता समजा तुमच्याकडे नॉर्टनची चौथी आवृत्ती आहे. लेखक तोच, पण नोंद पूर्ण वेगळी:

```
Achebe, Chinua. "An Image of Africa: Racism in Conrad's
    Heart of Darkness." Heart of Darkness, by Joseph
    Conrad, edited by Paul B. Armstrong, 4th ed.,
    W. W. Norton, 2006, pp. 336-49.
```

इथे कंटेनर म्हणजे खुद्द कादंबरीचं पुस्तक. अनेकांना हे विचित्र वाटतं आणि ते कॉनरॅडचं नाव सुरुवातीला टाकतात. पण तुम्ही संदर्भ देताय तो अचेबे यांच्या लेखाचा, म्हणून नोंद अचेबे यांच्या आडनावाने सुरू होते. कॉनरॅड `by` घेऊन कंटेनरनंतर येतो आणि संपादक त्याच्यामागे. कादंबरीचं नाव दोनदा आलं आहे आणि दोन्ही ठिकाणी ते तिरपं हवं, अवतरणाच्या आतसुद्धा. कादंबरीतली वाक्यंही तुम्ही याच पुस्तकातून घेणार असाल, तर कॉनरॅडच्या नावाने वेगळी नोंद करावी लागेल.

दोन्ही प्रती वाचल्या असतील आणि फरकाबद्दल लिहायचं असेल, तर दोन्ही नोंदी द्या. दुसऱ्या नोंदीत लेखकाच्या नावाऐवजी तीन आडव्या रेघा आणि टिंब येतं, `---.` असं. क्रम शीर्षकाच्या अक्षरांवरून लावायचा आणि सुरुवातीचा `An` मोजायचा नाही.

चूक कुठे पकडली जाते, तेही सांगतो. नोंद जेस्टोरची आणि वाचन नॉर्टनचं, अशी सरमिसळ झाली की निबंधात अचेबे यांच्या नावापुढे कंसात ३४० असा पान क्रमांक येतो. सूचीत पानं ७८२ ते ७९४ आहेत. तपासणाऱ्याला हे क्षणात दिसतं. म्हणून प्रत बदलली की निबंधातले सगळे पान क्रमांक त्याच वेळी बदला, नंतरसाठी ठेवू नका.

वॉट्सच्या लेखाची नोंदही पाहून घेऊ, कारण तिच्यात अवतरणाच्या आत अवतरण आहे:

```
Watts, Cedric. "'A Bloody Racist': About Achebe's View
    of Conrad." The Yearbook of English Studies,
    vol. 13, 1983, pp. 196-209.
```

बाहेर दुहेरी चिन्ह, आत एकेरी. वार्षिक असल्यामुळे इथे अंक क्रमांक नाही. जे छापलेलंच नाही, ते नोंदीत भरायचं नसतं आणि तिथे जागाही सोडायची नसते. हा लेख संग्रहातून वाचला असेल, तर वरच्याप्रमाणे दुसरा कंटेनर जोडा.

टिपण: गोष्ट कुणाची सांगायची?

आता खरं लिखाण. आधी एक टिपण बघा. मी ते नमुन्यादाखल मुद्दाम तयार केलं आहे, पण अशी टिपणं प्रत्येक वर्गात सापडतात.

> या लेखात लेखकाने 'हार्ट ऑफ डार्कनेस' या कादंबरीची चर्चा केली आहे. कादंबरीत मार्लो काँगो नदीवरून कुर्ट्झच्या शोधात जातो. वाटेत त्याला वसाहतवादाची क्रूरता दिसते. लेखकाने वंशवादाबद्दल महत्त्वाचे मुद्दे मांडले आहेत. अचेबे हे प्रसिद्ध कादंबरीकार असल्यामुळे हा संदर्भ विश्वासार्ह आहे. माझ्या निबंधासाठी तो खूप उपयुक्त ठरेल.

यात खोटं काही नाही, तरी हे टिपण निकामी आहे. दुसरं आणि तिसरं वाक्य कॉनरॅडच्या कथानकाचं आहे, अचेबे यांच्या म्हणण्याचं नाही. 'चर्चा केली आहे' आणि 'मुद्दे मांडले आहेत' ही क्रियापदं पोकळ आहेत. चर्चा केली म्हणजे काय म्हटलं, ते कळत नाही. शेवटची दोन वाक्यं कुठल्याही लेखाखाली चिकटवता येतील. एक सोपी चाचणी आहे. टिपणातली नावं झाकून ते वॉट्सच्या नोंदीखाली ठेवून बघा. तिथेही ते खपत असेल, तर ते कुणाचंच टिपण नाही. आणि वॉट्स तर अचेबे यांच्या नेमका विरुद्ध बाजूला उभा आहे.

समीक्षालेखाच्या टिपणाला चार गोष्टींची उत्तरं द्यायची असतात. समीक्षकाचा दावा काय? तो कुठल्या भागांच्या वाचनावर उभा आहे? तो कुणाला उत्तर देतोय? आणि तुमच्या निबंधात तो कुठे बसतो? टिपण लिहिण्याआधी ही चार उत्तरं कच्च्या कागदावर एकेका ओळीत काढा.

अचेबे यांच्या बाबतीत दावा असा. पाश्चात्त्य मनाला आफ्रिका युरोपच्या उलट प्रतिमेसारखी हवी असते, स्वतःची संस्कृती उजळून दिसावी म्हणून. कॉनरॅडची कादंबरी ही गरज भागवते आणि आफ्रिकी माणसाला केवळ पार्श्वभूमी करून टाकते. 'कादंबरी वंशवादी आहे' एवढंच लिहिलं तर दाव्याचा निम्मा भाग, म्हणजे हे का घडतं याचं अचेबे यांचं स्पष्टीकरण, निसटून जातो. बहुतेक टिपणं इथेच कापली जातात.

वाचन कशाच्या आधारावर? अचेबे थेम्स आणि काँगो या दोन नद्या समोरासमोर ठेवतात. कुर्ट्झशी जोडलेली आफ्रिकी स्त्री आणि युरोपात वाट पाहणारी त्याची वाग्दत्त वधू यांच्या वर्णनांची तुलना करतात. कादंबरीत आफ्रिकी माणसांच्या तोंडी भाषा जवळपास येतच नाही, आणि ज्या मोजक्या वेळी येते तेव्हा ती त्यांच्याच विरुद्ध साक्ष द्यायला येते, हे दाखवतात. टिपणात तिन्ही मुद्दे उलगडायचे नाहीत. तुमच्या निबंधाला लागतो तो एक घ्या, फार तर दोन.

एमएलएचा सल्लाही याच दिशेचा आहे. टिपणात बारीकसारीक तपशील, पुरावे, अवतरणं किंवा युक्तिवादाच्या पायऱ्या देत बसू नये, टिपण शक्यतो एका परिच्छेदात संपावं. समीक्षेबाबत मी यात थोडी सूट घेतो. समीक्षकाने कुठल्या प्रकारचे भाग वाचले, हे एका वाक्यात सांगायलाच हवं, कारण दोन समीक्षकांतला फरक बहुतेक वेळा तिथेच असतो. अवतरण मात्र टाळतो. शिक्षकांनी शब्दमर्यादा दिली असेल तर ती पाळा. दिली नसेल तर शंभर ते दीडशे शब्दांत हे सगळं बसतं.

मर्यादा लिहिताना सांभाळा

शिक्षक मूल्यमापन मागतात, म्हणजे लेखाची ताकद आणि मर्यादा. इथे एक ठरावीक वाक्य वारंवार दिसतं: 'अचेबे हे विसरतात की आफ्रिकेबद्दलची मतं निवेदक मार्लोची आहेत, कॉनरॅडची नाहीत.' आक्षेप वाजवी वाटतो, पण हे विधान चुकीचं आहे. अचेबे हा आक्षेप स्वतः उपस्थित करतात आणि त्याला उत्तरही देतात. मार्लोपासून अंतर राखायचं असतं, तर कॉनरॅडने पात्रांची मतं तपासायला दुसरी एखादी दृष्टी कादंबरीत सुचवली असती आणि तसं काही तो करत नाही, असं ते म्हणतात. तुम्हाला हे उत्तर अपुरं वाटू शकतं. मग तसं लिहा. 'विसरतात' लिहिलं, तर लेख शेवटपर्यंत वाचलेला नाही हे उघड होतं.

म्हणून मर्यादा लिहिण्याआधी तो आक्षेप मनात धरून लेख पुन्हा चाळा. समीक्षकाने त्याला उत्तर दिलं असेल, तर तुमचं वाक्य त्या उत्तरापासून सुरू व्हायला हवं.

समीक्षेचं मूल्यमापन लेखकाच्या पदव्यांवर किंवा प्रसिद्धीवर करण्यात फारसा अर्थ नाही. समीक्षकाचं वाचन कादंबरीच्या कुठल्या भागांचा अर्थ लावतं आणि कुठले भाग त्यात मावत नाहीत, हे पाहा. अचेबे यांच्या निबंधाबाबत असा प्रश्न विचारता येतो: कादंबरीत काँगोतल्या लुटीवर जी कठोर टीका आहे, तिला या वाचनात किती जागा मिळते? अचेबे ती टीका नाकारत नाहीत. त्या सहानुभूतीतही आफ्रिकी माणूस बरोबरीचा ठरत नाही, असं ते म्हणतात. हा मुद्दा पटो न पटो, वाद नेमका कुठे आहे ते यातून कळतं.

लेखाचं मूळ रूप व्याख्यानाचं आहे, हेही मूल्यमापनात येऊ शकतं. श्रोत्यांना थेट भिडणारा सूर त्यामुळे आहे. अचेबे सुरुवात विद्यापीठाच्या आवारात भेटलेल्या एका माणसाच्या बोलण्याने करतात. आफ्रिकेत साहित्य असतं, हेच त्या माणसाला नवीन होतं. पण हा प्रसंग टिपणात सांगायचा मोह आवरा. तो वाचकाला धरून ठेवतो, पण तो दावा नव्हे.

पुन्हा लिहिलेलं टिपण

आता एक निबंधविषय धरू: 'हार्ट ऑफ डार्कनेस'मधलं आफ्रिकी पात्रांचं मौन. त्या निबंधासाठी १९७७च्या नोंदीखालचं टिपण असं लिहिता येईल. तुमचा निबंध इंग्रजीत असेल, तर टिपणही अर्थात इंग्रजीतच.

> कॉनरॅडची आफ्रिका हे युरोपने स्वतःच्या समाधानासाठी रचलेलं प्रतिरूप आहे आणि त्यात आफ्रिकी माणूस केवळ पार्श्वभूमी उरतो, असं अचेबे प्रतिपादन करतात. दोन नद्या आणि दोन स्त्रिया यांच्या वर्णनांतला विरोध, तसंच आफ्रिकी पात्रांना जवळपास नाकारलेली भाषा, यांवर त्यांचं वाचन उभं आहे. ही मतं कॉनरॅडची नसून मार्लोची आहेत, हा बचाव ते अमान्य करतात, कारण कादंबरीत पर्यायी दृष्टी सुचवलेली नाही. १९७५च्या व्याख्यानातून आलेल्या या पहिल्या मुद्रित पाठाचा सूर नंतरच्या सुधारित पाठापेक्षा तीव्र आहे. वॉट्सचं प्रत्युत्तर याच पाठाला आहे. भाषेच्या अभावाबद्दलचं निरीक्षण माझ्या निबंधाचा आरंभबिंदू आहे. मात्र अचेबे मौनाकडे केवळ वंचना म्हणून पाहतात. काही प्रसंगी ते मौन मार्लोच्या निवेदनाला अडवतं, असं मी पुढे दाखवणार आहे.

पहिलं वाक्य सरळ दाव्यापासून सुरू होतं. 'या लेखात लेखकाने' हे शब्द वाया जातात, कारण लेखकाचं नाव वरच्याच ओळीत आहे. क्रियापदं वर्तमानकाळात आणि नेमकी आहेत: प्रतिपादन करतात, अमान्य करतात. प्रतीचा उल्लेख टिपणात आला आहे, पण वॉट्सच्या संदर्भाला त्याची गरज आहे म्हणूनच. शेवटच्या तीन वाक्यांत उपयोग नुसता जाहीर केलेला नाही. कुठला भाग घेतला आणि कुठे वाट वेगळी होते, ते सांगितलं आहे. 'खूप उपयुक्त' या शब्दांच्या जागी हेच हवं असतं.

तुमच्याकडे नॉर्टनची प्रत असेल, तर चौथं आणि पाचवं वाक्य बदलेल. पहिल्या पाठाचा सूर कसा होता, हे तुम्ही स्वतः पाहिलेलं नसेल तर त्याबद्दल लिहू नका.

वॉट्सच्या टिपणात अचेबे यांचं म्हणणं पुन्हा सांगायची गरज नाही. 'अचेबे यांच्या आरोपाविरुद्ध वॉट्स कॉनरॅडचा बचाव करतात' एवढं एक वाक्य दोन नोंदी जोडायला पुरतं. त्यापुढे थेट बचावाच्या मुद्द्याकडे वळा. सूची वाचणाऱ्याला त्या दोन टिपणांतून वाद उभा राहिलेला दिसला पाहिजे.

पानावरची मांडणी

मांडणीचे नियम थोडेच आहेत. वर मध्यभागी `Annotated Bibliography` हे शीर्षक, ठळक न करता, अधोरेखित न करता. सगळीकडे दुहेरी ओळअंतर आणि नोंदींमध्ये जास्तीची मोकळी ओळ नाही. नोंदी लेखकाच्या आडनावानुसार वर्णक्रमाने. नोंदीची पहिली ओळ समासाला टेकलेली आणि पुढच्या ओळी अर्धा इंच आत. टिपण नव्या ओळीवर आणि त्याच्या सगळ्या ओळी डाव्या समासापासून एक इंच आत, म्हणजे ते नोंदीपासून वेगळं उठून दिसतं. एपीएत मात्र टिपण अर्धा इंचच आत असतं.

वर्डमध्ये हे करताना नोंदीच्या परिच्छेदात कर्सर ठेवून Paragraph ही खिडकी उघडा आणि असं भरा:

```
नोंद:   Left: 0"   Special: Hanging  By: 0.5"
टिपण:   Left: 1"   Special: (none)
दोन्ही: Line spacing: Double   Before: 0   After: 0
```

नोंद संपल्यावर साधं Enter दाबा. Shift आणि Enter एकत्र दाबलं, तर नवी ओळ येते पण परिच्छेद तोच राहतो. मग टिपणाला एक इंच दिला की नोंदही त्याच्याबरोबर सरकते. हे झालं आहे का, ते ओळखायला परिच्छेदाची चिन्हं दाखवणारं ¶ बटण दाबा. नोंदीच्या शेवटी वाकडा बाण दिसला तर तो पुसून Enter द्या. टॅब किंवा स्पेस दाबून ओळी आत ढकलू नका. एक शब्द बदलला की सगळ्या ओळी विस्कटतात.

After या खान्यात शून्य आहे का, तेही पाहा. वर्ड मूळ सेटिंगमध्ये परिच्छेदानंतर थोडी जागा सोडतं आणि त्यामुळे नोंद आणि टिपण तुटल्यासारखी दिसतात. लांब पत्ता निळा आणि अधोरेखित झाला असेल, तर त्यावर उजवं क्लिक करून Remove Hyperlink निवडा.

पुढे मुख्य निबंध लिहून झाला की ही सूची फाइलची दुसरी प्रत करून उघडा. टिपणं काढा, शीर्षक `Works Cited` करा आणि निबंधात ज्यांचा प्रत्यक्ष उल्लेख आलेला नाही, त्या नोंदी गाळा. राहिलेल्या नोंदींना हात लावायची गरज पडत नाही, फक्त निबंधातला प्रत्येक पान क्रमांक त्या नोंदीतल्या पानांच्या मर्यादेत बसतो का, ते एकेक करून जुळवून बघा.